पेटीवरचा पहिला आरोह-अवरोह: बोटांचे नंबर पाठ आहेत, तरी 'म'वर अडतंय

रेवा_मावशी

नमस्कार. भाची आठ वर्षांची आहे, तिला पेटी शिकवतेय. सध्या फक्त पांढरी एकपासून सगळे शुद्ध स्वर, सरळ वर आणि सरळ खाली. बोटांना नंबर दिलेत: अंगठा १, तर्जनी २, मधलं ३, अनामिका ४, करंगळी ५. चढताना सा रे ग म प ध नी सां ला १ २ ३ १ २ ३ ४ ५ आणि उतरताना त्याच्या बरोबर उलट. नंबर तिला तोंडपाठ आहेत, झोपेतून उठवलं तरी सांगेल.

वाजवताना मात्र दोन ठिकाणी गाडी अडते. चढताना 'ग'पर्यंत छान जाते, 'म'वर अंगठा आणताना आवाज एकदम फुगतो आणि लय तुटते. उतरताना 'म'पर्यंत येते आणि पुढे कधीकधी 'सा' येण्याआधीच बोटं संपतात, मग अंगठा घसरवत 'सा'वर नेते.

सगळे सांगतात तसं मी हळू वाजवायला लावलं. गंमत नाही, खरंच सांगते, हळू केल्यावर जास्त बिघडतं. जलद वाजवते तेव्हा निदान पार तरी पडतं. मग बोटं बदलू का? की आणखी हळू घेऊ?

सुरेल_संध्या

रेवाताई, मुळात मुलीला पांढरी एक कशाला दिलीत? मुलींची पट्टी काळी चार नाहीतर काळी पाच. पांढरी एकला वरचा सां गाठताना लहान मुलांचा गळा ताणला जातो किंवा खालचे स्वर लागत नाहीत. आधी तिचा षड्ज कुठे लागतो ते बघा, मग पेटी त्या पट्टीत घ्या. आमच्या मुलीचंही असंच झालं होतं, पट्टी बदलल्यावर आठवड्याभरात गळा मोकळा झाला.

रेवा_मावशी

संध्याताई, गाणं नाही शिकवत आहे अजून, फक्त हात बसवतेय. गाण्याची पट्टी पुढे बघूच. पांढरी एक घेतली कारण सगळे स्वर पांढऱ्यांवर येतात आणि तिला एका वेळी एकच गोष्ट सांभाळायची असते.

सहा_तारा

अंगठ्याला नंबर कशाला? १ म्हणजे तर्जनी, २ मधलं, ३ अनामिका, ४ करंगळी. मी गिटार वाजवतो, व्हायोलिनवाल्यांचंही हेच. तुमच्या क्लासमधल्या किंवा पुस्तकातल्या नंबरात आणि तुमच्या नंबरात फरक पडला तर पोरगी गोंधळणारच. मला वाटतं मूळ घोळ तिथेच आहे.

भाता_आणि_बोटं

सहा_तारा, तुमचं तुमच्या वाद्यापुरतं बरोबर आहे. तिथे अंगठा दांड्याच्या मागे असतो, त्याला स्वर धरायचा नसतो, म्हणून त्याला नंबर नाही. पट्ट्यांच्या वाद्यावर अंगठा सगळ्यात जास्त काम करतो, म्हणून तो १. घरात कोणी व्हायोलिन शिकत असेल तर मात्र तुमची सूचना लाखमोलाची आहे. दोन्ही वाद्यं शिकणाऱ्या मुलांचा हा घोळ मी पाहिला आहे.

रेवाताई, बोटं अजिबात बदलू नका. तुम्ही दिलेले नंबर बरोबर आहेत. उत्तर देण्याआधी दोन गोष्टी बघून सांगा.

पहिली: उतरताना बोटं संपतात तेव्हा 'ग'वर नेमकं कुठलं बोट पडतं?

दुसरी: 'म'चा आवाज फुगतो त्या क्षणी तिच्या उजव्या हाताकडे नका बघू, डाव्या हाताकडे बघा. आणि एकदा भाता तुम्ही स्वतः मारा, तिला फक्त उजवा हात वाजवू द्या. तेव्हाही 'म' फुगतो का?

पिंट्याची_आई

आम्ही पट्ट्यांवर रंगीत स्टिकर लावले होते, त्यावर बोटांचे नंबर लिहिले. पिंट्या दोन दिवसांत सा ते सां वाजवायला लागला. सोपा उपाय, करून बघा.

भाता_आणि_बोटं

स्टिकरने मूल लवकर वाजवायला लागतं हे खरं. पण नंबर पट्टीचा नसतो, बोटाचा असतो. आज 'म'च्या पट्टीवर १ लिहिलंत आणि उद्या पांढरी चारपासून तोच सरळ आरोह घेतलात, तर बोटं १ २ ३ ४ १ २ ३ ४ अशी येतात. तिथला 'म' काळी पाच होतो, अंगठा त्याच्यावर न जाता पुढच्या 'प'वर जातो. मग स्टिकर काढा, नवे लावा. शिवाय मुलाची नजर पट्ट्यांवर खिळून राहते, मान खाली ती खालीच. लिहायचेच असतील तर नंबर बोटांच्या नखांजवळ पेनाने लिहा. धुतले की जातात आणि तोवर हाताला सवय झालेली असते.

पिंट्याची_आई

हे लक्षात नव्हतं आलं. पण सुरुवातीला 'सा' कुठला ते कळायला एक स्टिकर तरी ठेवावा, असं मला अजूनही वाटतं.

भाता_आणि_बोटं

'सा'ला एक ठिपका ठेवा, त्याला हरकत नाही.

रेवा_मावशी

आज दोन्ही बघितलं.

'ग'वर कधी ३ पडतं, कधी २. ज्या वेळी २ पडतं त्याच वेळी बोटं संपतात. आता कळलं. ग ला २, रे ला १, आणि 'सा'ला काही उरतच नाही.

दुसरं तर मला अपेक्षितच नव्हतं. मी भाता मारला तेव्हा 'म' फुगला नाही. तिचा तिने मारला की फुगतो. डाव्या हाताकडे बघितलं तर ती प्रत्येक स्वराला एक धक्का देतेय, आणि अंगठा खालून काढताना तो धक्का मोठा होतो. दोन्ही हात एकाच वेळी झटकते.

भाता_आणि_बोटं

मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच शोधलंत. सविस्तर लिहितो, कारण हळू वाजवल्यावर का बिघडतं तेही यातच आहे.

पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज मोठा होत नाही. पट्टी फक्त झडप उघडते. आवाजाचा जोर हवेचा. त्यामुळे पेटीवर एखादा स्वर टोचल्यासारखा आला, की बोटाकडे नाही, भात्याकडे संशय घ्यायचा. पियानो शिकवणारे 'अंगठा आपटू नकोस' म्हणतात, ते तिथे खरं आहे. इथे अंगठा कितीही हळू ठेवला तरी डावा हात हिसका देतोय तोवर 'म' फुगणारच.

हळू वाजवताना जास्त बिघडतं कारण प्रत्येक स्वर लांबतो. स्वर लांबला की मुलाला वाटतं आता याला हवा द्यायला हवी, आणि ते एका स्वराला एक असा भाता मारायला लागतं. जलद वाजवताना तितका वेळच मिळत नाही, म्हणून धक्के आपोआप कमी होतात. पण पेटीच्या पोटात दुसरा भाता असतो, स्प्रिंगने दाबलेला. बाहेरचा भाता त्यात हवा भरतो आणि आतला ती संथपणे सोडतो. म्हणून बाहेरच्या भात्याची चाल आणि स्वरांची चाल यांचा मेळ बसवायची काही गरज नाही. छोटे, सारखे हेलकावे द्यायचे, आतला भाता रिकामा व्हायच्या आत.

आधी भाता वेगळा करा. उजव्या हाताने फक्त 'सा' धरून ठेवायचा, डावा हात आपला चालू. आवाज वरखाली न होता पाण्यासारखा सरळ राहिला पाहिजे. हे तिला दोन-तीन मिनिटं करू दे. मग अदलाबदल करा: भाता तिने मारायचा, पट्ट्या तुम्ही वाजवायच्या, आणि तुम्ही मुद्दाम कधी जलद कधी हळू वाजवायचं. तिच्या भात्याची चाल बदलली नाही तर जमलं. यात तिला फारच मजा येईल, कारण तुम्ही तिला फसवायचा प्रयत्न करताय.

खटका एकच उघडा ठेवा. कपलर असेल तर बंद. कपलर लागला की पट्ट्या जड होतात आणि हवाही जास्त लागते. लहान हाताला ते आत्ता नको.

निषाद_कोमल

भात्याबद्दल पूर्ण सहमत. बोटांबद्दल मात्र थोडं वेगळं. आमच्या गुरुजींनी करंगळी कधी वापरूच दिली नाही. सा रे ग ला १ २ ३, म प ध ला पुन्हा १ २ ३, आणि नी सां ला १ २. तीन-तीनचे तुकडे मुलांना चटकन कळतात आणि करंगळीसारखं दुबळं बोट टाळता येतं. रेवाताईंनी हे करून पाहायला हरकत नाही.

भाता_आणि_बोटं

ही पद्धत खूप जणांची आहे आणि त्यातून उत्तम वाजवणारे तयार झालेत, त्यामुळे चूक म्हणणार नाही. पण या मुलीला अंगठा खालून काढायलाच त्रास होतोय. तुमच्या पद्धतीत तो एकाऐवजी दोन वेळा काढावा लागतो, एकदा 'म'ला आणि एकदा 'नी'ला. शिवाय 'नी'ला १ आणि 'सां'ला २ आला की पुढच्या सप्तकात 'रें'ला ३, 'गं'ला १, म्हणजे प्रत्येक सप्तकात बोटं वेगळी. १ २ ३ १ २ ३ ४ मध्ये पुढचं सप्तक चढायचं असेल तर करंगळीऐवजी अंगठा 'सां'वर आणायचा, की पुन्हा सगळं तसंच.

करंगळी दुबळी खरी, पण वर म्हटलं तसं, पेटीवर तिला जोर लावायचाच नाही. पट्टी पूर्ण खाली गेली की झालं. अर्धवट दाबली तर आवाज दबका येतो, एवढंच बघा.

निषाद_कोमल

वरच्या सप्तकाचा मुद्दा मान्य. तरी द्रुत तानांमध्ये करंगळी मागे पडते हा माझा अनुभव आहे, आणि पुढे जाऊन सवय मोडणं कठीण जातं. यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही.

रेवा_मावशी

भात्याचे दोन्ही खेळ केले. अदलाबदल तिला इतकी आवडली की सोडेनाच. भाता आता बराच सरळ झालाय. पण आता दुसरी गोष्ट ऐकू यायला लागली, आधी ती त्या फुगण्याखाली झाकली जात होती. ग वरून म वर जाताना कधी मध्ये फट पडते, कधी दोन्ही एकदम वाजून कर्कश आवाज येतो. हे बाकी कुठे होत नाही.

भाता_आणि_बोटं

बाकी कुठे होत नाही, कारण एकाच बोटामागे दुसरं बोट आलं तर हात जागचा हलत नाही. हात फक्त ग आणि म च्या मध्ये सरकतो. आणि नेमके तेच दोन स्वर एकमेकांना चिकटलेले आहेत, मध्ये काळी पट्टी नाही. सा आणि रे चुकून एकत्र वाजले तर थोडं खटकतं. ग आणि म एकत्र वाजले तर कानाला बोचतं. शिवाय पेटीचा स्वर बोट उचललं की जागच्या जागी थांबतो, मागे काही रेंगाळत नाही, त्यामुळे फटही उघडी पडते. लपायला जागा नाही.

इथे हळू आवृत्ती कामाची, पण पूर्ण सप्तकाची नाही. फक्त या जागेची. मी असं करतो:

मेट्रोनोम ६० वर. फक्त दोन स्वर, ग म ग म, बोटं ३ १ ३ १. प्रत्येक स्वर चार मात्रा. 'ग' धरला की पहिल्या मात्रेलाच अंगठा तळव्याखालून निघतो. तिसऱ्या मात्रेपर्यंत तो 'म'च्या पट्टीवर नुसता टेकलेला असला पाहिजे, दाबलेला नाही. चौथी मात्रा काहीच करायचं नाही. पुढच्या पहिल्या मात्रेला अंगठा खाली जातो आणि त्याच क्षणी मधलं बोट वर येतं. परत येताना मधलं बोट अंगठ्यावरून 'ग'वर, तेही तिसऱ्या मात्रेला टेकून तयार. इथेच उतरतानाचा २ चा घोळही सुटतो, कारण हाताला १ नंतर ३ ची सवय लागते.

म्हणजे हळू काय, तर स्वर हळू. अंगठ्याने लवकर पोचून वाट बघायची. बहुतेक मुलं उलट करतात: स्वर संपेपर्यंत अंगठा जागचा हलत नाही आणि मग एकदम झडप घालतात. त्या झडपेतच फट पडते.

एका बाजूला बसून तिचं कोपर बघा. अंगठा आत जाताना कोपर पंखासारखं बाहेर उडत असेल तर मनगट खाली पडलंय. मुलं जमिनीवर बसली की पेटी त्यांना उंच पडते, मनगट पट्ट्यांच्या खाली जातं आणि तळव्याखाली अंगठ्याला वाटच उरत नाही. तिला घडी घातलेल्या चादरीवर बसवा. मनगट पट्ट्यांच्या पातळीला आलं की अर्धं काम होतं.

ग म सलग चार वेळा स्वच्छ आलं की त्याला शेपूट जोडा: सा रे ग म, ग रे सा. ते बसलं की दुसरा अर्धा: म प ध नी सां, आणि परत. तो सोपा असतो, एक ते पाच बोटं सरळ. मग जोडा, प्रत्येक स्वराला दोन मात्रा. आठ स्वरांच्या सोळा मात्रा होतात, तीनतालाचं एक आवर्तन चढायला, एक उतरायला. तबल्याचं ॲप असेल तर ठेका लावा, समेवर 'सा' येतोय की नाही ते तिला स्वतःला ऐकू येईल.

सहा_तारा

हे गिटारलाही लागू आहे, बोट आधी तारेवर टेकवून ठेवायचं. एक विचारतो: चूक झाली की तिथेच थांबून दुरुस्त करायची की सुरुवातीपासून?

भाता_आणि_बोटं

सुरुवातीपासून नको. सुरुवातीपासून केलं की 'सा रे ग' चाळीस वेळा वाजतं आणि 'म' दहा वेळा. चुकलेल्या स्वराच्या एक स्वर आधीपासून घ्या.

आणि शेवट कोणत्या बोटावर झाला ते रोज बघा, त्यावरून कुठे घसरलं ते कळतं. चढताना 'सां'वर करंगळी आली तर ठीक. चौथं बोट आलं तर बहुधा तिने 'म' ४ ने वाजवून अंगठा 'प'वर आणला. 'ध'ला बोटंच संपली तर अंगठा काढलाच नाही. उतरताना 'सा'वर तर्जनी आली तर 'ग'वर ४ पडलं होतं. मुलांना हे कोडं सोडवायला द्या, ती स्वतः शोधतात.

सुरेल_संध्या

मी आधी प्रश्न वेगळा समजले, पण आता माझाच प्रश्न विचारते. माझी मुलगी काळी चारला गाते. तिथे हेच नंबर चालतील का? ती 'सा'वर अंगठा ठेवून सुरू करते आणि तिचा हात अवघडतो.

भाता_आणि_बोटं

नाही चालणार. अंगठा आखूड, काळी पट्टी मागे. अंगठा काळीवर न्यायचा तर पूर्ण हात आत ढकलावा लागतो, म्हणून अवघडतो. काळी चारला अंगठा पांढऱ्यांसाठी राखायचा. सा काळी चार, रे काळी पाच: २ ३. ग वरची पांढरी एक: १. म काळी एक, प काळी दोन: २ ३. ध पांढरी चार: १. नी पांढरी पाच: २. सां काळी चार: ३. उतरताना बरोबर उलट.

गाणाऱ्या मुलीला हा आरोह खरं तर हाताला सोपा वाटतो, कारण लांब बोटं काळ्यांवर आणि अंगठा पांढऱ्यांवर आपसूक बसतो. फक्त सुरुवात अंगठ्याने करायची नाही, हे मनाने स्वीकारायला वेळ लागतो.

निषाद_कोमल

इथे मात्र तुमच्यात करंगळी कुठे आलीच नाही :)

भाता_आणि_बोटं

हो, आणि तुमच्या तीन-तीनच्या तुकड्यांशीही हे जवळचं आहे.

रेवा_मावशी

चादरीने कमाल केली, कोपर खाली आलं. ग म ग म आता बहुतेक वेळा स्वच्छ येतं. उतरताना २ अजूनही कधी कधी पडतं, पण पडलं की ती स्वतःच थांबते आणि 'प'वर परत जाते.

एक राहिलंच: वाजवताना तिने नंबर म्हणायचे की सरगम? नंबर म्हटलं की बोटं बरोबर पडतात. सरगम म्हटली की चुकते.

भाता_आणि_बोटं

दोन्ही, पण एकाच वेळी नाही. ग म च्या तुकड्यात नंबर म्हणू दे, पूर्ण आरोहात सरगम. नंबर फार दिवस म्हणत राहिली तर तिच्या डोक्यात 'म' म्हणजे अंगठा असं बसेल आणि पट्टी बदलली की अडेल.

पिंट्याची_आई

आमच्याकडे अजून नंबरच चालू आहेत आणि मला तरी त्यात तोटा दिसला नाही. कदाचित आम्ही अजून पट्टी बदलली नाही म्हणून असेल.

निषाद_कोमल

मी तर पहिल्या दिवसापासून सरगमच म्हणायला लावतो, नंबर फक्त हात धरून दाखवायला. स्वर कानात बसला की बोट चुकल्याचं आधी कान सांगतो. रेवाताई, दोन दिवस नंबर पूर्ण बंद करून बघा आणि काय होतं ते इथे लिहा.

रेवा_मावशी

उद्यापासून ग म ला नंबर आणि बाकीला सरगम असं सुरू करते. पूर्ण बंद करायचं धाडस तिचं 'ग'वरचं ३ पक्कं झालं की करेन.